कापलेल्या फोटोतलं बंगाली पत्र: ‘तो’ की ‘ती’? कामाच्या नोंदी

४ जानेवारी

ओळखीच्या एका मुलीने तिच्या आजीला आलेल्या जुन्या पत्राचा फोटो पाठवला आहे. आजी बंगाली, घर मराठी, आणि आता घरात बंगाली वाचणारं कुणी उरलेलं नाही. तिला मराठी अनुवाद हवा आहे. फोटो पूर्ण पानाचा नाही. कुणीतरी मधला तुकडा ठेवून चारही बाजू छाटल्या आहेत. वरची कड पहिल्या ओळीच्या डोक्यावरून गेली आहे आणि डाव्या कडेने प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची अक्षरं खाल्ली आहेत. पत्र कुणी लिहिलं आणि ते कुणाबद्दल आहे, हे या तुकड्यात कुठेच नाही.

जे दिसतं ते देवनागरीत उतरवून घेतलं:

१. … तार शरीर एखन भालो।
२. …काल सन्ध्याय एसेछेन, तोमार कथा
३. …ज्ञेस करछिलेन। टाका दिते गियेछिलाम,
४. …स निते चायनि।
५. …र मा एखनो राग करे आछेन।

ढोबळ अर्थ असा: कुणाची तरी प्रकृती आता बरी आहे. कुणीतरी काल संध्याकाळी येऊन तुझ्याबद्दल विचारत होतं. लिहिणारं माणूस पैसे द्यायला गेलं, पण कुणीतरी ते घेऊ इच्छित नव्हतं. कुणाची तरी आई अजून रागावलेली आहे.

‘कुणी’ इतक्या वेळा आलं, तीच या कामातली अडचण आहे. बंगालीत ‘तो’ आणि ‘ती’ला वेगवेगळे शब्द नाहीत, क्रियापदालाही लिंग नसतं. ‘से’ म्हणजे तो किंवा ती. ‘तिनि’ म्हणजे आदराने ते किंवा त्या. मराठीत मात्र ‘आला’ आणि ‘आली’ यांच्या मधलं काही नाही. लिहिणाराचंही तेच: ‘गियेछिलाम’मध्ये लिंग नाही, मराठीत ‘गेलो’ किंवा ‘गेले’ यातलं एक लिहावंच लागतं. असं काम दुसऱ्या कुणाच्या हातात आलं तर उपयोगी पडावं म्हणून काय चाललं, काय चाललं नाही, ते लिहून ठेवते आहे.

५ जानेवारी

पहिला मसुदा सरळ वाचत केला: ‘त्याची प्रकृती आता बरी आहे. काल संध्याकाळी तो आला होता, तुझ्याबद्दल विचारत होता. मी पैसे द्यायला गेलो, त्याने घेतले नाहीत. त्याची आई अजून रागावलेली आहे.’

वाचायला छान वाटतो, आणि तोच त्याचा दोष आहे. सगळीकडे एकच ‘तो’ धरल्यामुळे गोष्ट जुळून आली: आजारी होता, बरा झाला, भेटायला आला, पैसे नाकारले, आई रागावली. पण क्रियापदांचे शेवट बघितले की ही गोष्ट मोडते. ‘एसेछेन’, ‘करछिलेन’ यांच्या शेवटी ‘एन’ आहे, म्हणजे आदरार्थी कर्ता. ‘चायनि’ साधं आहे. आदरार्थी असतं तर ‘चाननि’ आलं असतं. एकच माणूस एका ओळीत ‘ते’ आणि पुढच्या ओळीत ‘तो’ होत नाही. म्हणजे इथे निदान दोन माणसं आहेत: जे आले ते वेगळे आणि ज्याने किंवा जिने पैसे नाकारले ते माणूस वेगळं.

तो मसुदा बाजूला ठेवला. यातून पुढच्यासाठी एक गोष्ट पक्की केली. बंगाली पत्र घेतलं की सर्वनाम शोधण्याआधी क्रियापदांच्या शेवटांवर खूण करायची. कड कापली की सर्वनाम जातं, क्रियापद वाक्याच्या शेवटी असल्यामुळे बहुतेक वेळा वाचतं.

६ जानेवारी

‘एसेछेन’चा कर्ता या तुकड्यात कुठे दिसत नाही, आणि या एका रूपात चार शक्यता मावतात. आदरार्थी ‘आपनि’चं क्रियापदही असंच असतं, म्हणून ‘आपण आलात’. ‘तिनि’ घेतलं तर ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’. अनेकवचनात रूप बदलत नाही, म्हणून ‘ते सगळे आले’सुद्धा.

पहिली शक्यता चित्रातच निकालात निघते. त्याच ओळीत ‘तोमार कथा’ आहे, म्हणजे ‘तुझ्याबद्दल’. पत्र ज्या व्यक्तीला लिहिलं आहे तिला लिहिणारं माणूस ‘तुमि’ म्हणतं. त्याच व्यक्तीला त्याच वाक्यात ‘एसेछेन’ लागणार नाही, ‘एसेछ’ लागेल. आलेलं माणूस तिसरंच कुणीतरी आहे.

एक की अनेक, हे पहिल्या ओळीवर अवलंबून आहे. ‘तार शरीर’ हे एकवचन आहे; अनेकांचं असतं तर ‘तादेर’ किंवा ‘ताँदेर’ आलं असतं. पण पहिल्या ओळीतलं माणूस आणि दुसऱ्या ओळीतलं माणूस एकच आहे का? आणि इथेच वरची कड आडवी येते. ‘तार’ म्हणजे साधं ‘त्याचा/तिचा’. त्यावर चंद्रबिंदू असेल तर ‘ताँर’, म्हणजे आदराचं ‘त्यांचा’. चंद्रबिंदू शिरोरेघेच्या वर बसतो, आणि फोटोची वरची कड नेमकी शिरोरेघेला चिकटून गेली आहे. चंद्रबिंदू होता आणि कापला गेला, की मुळात नव्हताच, हे आत्ताच्या फोटोवरून सांगता येत नाही.

दिसायला टिंब आणि चंद्रकोर, पण मराठीकडून बघितलं तर याच खुणेवर सगळं अडलं आहे. ‘त्यांचा’ आला की लिंग सांगावं लागत नाही. ‘तार’ असेल तर ‘त्याचा’ की ‘तिचा’, हे ठरवणं आलंच.

मुलीला निरोप पाठवला: “अगं, हा फोटो चॅटमधून आला की बारीक होतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि फोटो तुझ्याच फोनवर कापला असशील तर गॅलरीत एडिट उघडून बघ, कापलेला भाग बऱ्याचदा परत आणता येतो.”

७ जानेवारी

तिचं उत्तर: “काकू, मी नाही कापला. मलाही असाच आला. मूळ पत्र कुणाकडे आहे ते विचारते. फाइल पाठवतेय. आणि हे बहुतेक आत्याआजीबद्दल आहे, असं बाबा म्हणतात.”

कापलेला फोटो पुढे पाठवला की पाठवलेल्या प्रतीत कापलेला भाग नसतोच, त्यामुळे परत आणायचा मार्ग तिच्याकडे बंद आहे. फाइल मात्र कामाची निघाली. कातर तीच, पण बारकावे जास्त. पहिली ओळ मोठी करून पाहिली. ‘ता’च्या वर शिरोरेघ थोडी जाड दिसत होती, ती आधी मी शाईचा ओघळ समजून सोडली होती. मोठ्या फोटोत तिथे दोन वेगळ्या रेघा आहेत. खालची शिरोरेघ. वरची किंचित वाकडी, दोन्ही टोकं वर जाणारी, आणि कडेला कापलेली. ही चंद्रकोरीची बूड आहे, टिंब वर कापलं गेलं. खात्रीसाठी त्याच ओळीतल्या इतर शिरोरेघा पाहिल्या. दुसरीकडे कुठेही अशी दुहेरी रेघ नाही.

तर ‘ताँर’. इथे एक सावधगिरी: चंद्रबिंदू दिसला तर आदर नक्की, पण दिसला नाही म्हणून आदर नाही असं म्हणता येत नाही. हाताने लिहिताना तो राहून जातो. उलट बाजूचा पुरावा क्रियापदातच शोधावा.

बाबांचं म्हणणं वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलं. चित्रात दिसलेलं, व्याकरणावरून निघालेलं, कुणी सांगितलेलं आणि मी धरलेलं, असे चार रकाने केले आहेत. ‘आत्याआजीबद्दल’ हे तिसऱ्यात. ते खरं असेलही, पण पत्रातल्या कुठल्या ‘कुणी’ला लावायचं हे त्यातून कळत नाही. पहिल्या-दुसऱ्या ओळीतल्या आदरार्थी व्यक्तीला? की पैसे नाकारणाऱ्या व्यक्तीला? एकदा ‘ही आत्या’ असं मनात बसलं की सगळी सर्वनामं स्त्रीलिंगी वाटायला लागतात. पहिल्या मसुद्यात सगळी पुल्लिंगी झाली होती, तसंच.

८ जानेवारी

आज मराठीकडून काम. प्रश्न असा: कुठे लिंग सांगणं भाग आहे आणि कुठे नाही?

‘ते’ आणि ‘त्या’ कर्ता म्हणून वेगळे दिसतात. पण प्रत्यय लागला की दोन्ही एक होतात: त्यांनी, त्यांना, त्यांचा, त्यांच्याकडे. आणि भूतकाळात सकर्मक क्रियापद असलं की ते कर्माप्रमाणे चालतं. ‘त्यांनी चौकशी केली’मध्ये ‘केली’ चौकशीचं आहे. म्हणून आदरार्थी व्यक्तीसाठी मराठीत लिंग न सांगता लिहिता येतं, आणि वाक्य ओढूनताणून केल्यासारखं होत नाही.

दुसऱ्या ओळीवर तीन प्रयोग केले.

‘काल संध्याकाळी त्यांचं येणं झालं’ चुकीचं नाही, पण घरगुती पत्राला शोभत नाही, निमंत्रणपत्रिकेचा वास येतो.

‘काल संध्याकाळी ती व्यक्ती आली’ हे तर पंचनाम्यासारखं. शिवाय ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी असल्यामुळे पुढे ‘ती विचारत होती’ येतं, आणि वाचणाऱ्याच्या मनात बाई उभी राहते. लिंग लपवायला घेतलेला शब्दच लिंग सांगून जातो.

‘काल संध्याकाळी त्यांनी येऊन तुझी चौकशी केली’ हे चाललं. ‘येऊन’मध्ये लिंग नाही, ‘केली’ चौकशीची. पण मूळ ‘करछिलेन’ म्हणजे ‘विचारत होते’. एकदा विचारून थांबणं नव्हे. ‘विचारत होते’ लिहिलं तर लिंग आलं. म्हणून ‘काल संध्याकाळी त्यांनी येऊन भेट दिली, तुझीच चौकशी चालली होती’ असं करून पाहिलं. ‘भेट दिली’ मूळात नाही आणि ‘तुझीच’मधला ‘च’ मी घातलेला. दोन्ही काढले. राहिलं ते असं: ‘काल संध्याकाळी घरी येऊन त्यांची तुझ्याबद्दल विचारपूस चालली होती.’ ‘घरी’सुद्धा मूळात नाही, तेही काढलं: ‘काल संध्याकाळी येऊन त्यांची तुझ्याबद्दल विचारपूस चालली होती.’

हे वाक्य नीट बसत नाही. ‘येऊन’चा कर्ता एक आणि ‘चालली होती’ची कर्ता विचारपूस, कान लगेच अडतो. शेवटी ‘त्यांनी येऊन तुझी चौकशी केली’कडे परतले. चालू क्रियेची छटा गेली, तिची नोंद टिपेत एका शब्दात करीन. सहज वाचता येणारं वाक्य आणि थोडी गेलेली छटा, विरुद्ध पूर्ण छटा आणि खोटं लिंग: पहिलं पत्करलं.

लिहिणाऱ्या व्यक्तीचं ‘दिते गियेछिलाम’ सोपं निघालं. ‘द्यायला गेलो/गेले’ऐवजी ‘मी पैसे देऊ केले’. क्रियापद पैशांचं झालं. बंगालीत ‘दिते गियेछिलाम’चा अर्थ बऱ्याचदा ‘द्यायचा प्रयत्न केला’ असाच असतो, पायाने चालत जाणं त्यात असेलच असं नाही. त्यामुळे अर्थालाही धक्का नाही.

१० जानेवारी

राहिली चौथी आणि पाचवी ओळ. इथे ‘त्यांनी’ची पळवाट नाही. ‘चायनि’ साधं रूप आहे; त्याला ‘त्यांनी’ लावलं तर लिहिणाऱ्याने न दिलेला आदर मी देते. आणि साध्या रूपात मराठी प्रत्यय लावल्यावरही लिंग सोडत नाही: त्याने/तिने, त्याला/तिला, त्याची/तिची.

सर्वनाम गाळून बघितलं: ‘मी पैसे देऊ केले, पण घेतले नाहीत.’ वाचणारा लगेच ते मागच्या ‘त्यांनी’ला जोडतो. म्हणजे लिंग लपवलं खरं, पण दोन माणसांचं एक माणूस केलं. हा दोष जास्त मोठा. ‘समोरून नकार आला’ लिहिलं तरी तेच होतं.

पाचव्या ओळीत गाळणं त्याहून वाईट. ‘आई अजून रागावलेली आहे’ म्हटलं की मराठीत ती बोलणाऱ्याची स्वतःची आई होते. ‘कुणाची’ हे सांगितल्याशिवाय आई दुसऱ्याची होत नाही.

‘त्याने/तिने’ अशी तिरकी रेघ घालून एक मसुदा केला. तुकड्याच्या अनुवादात एखादी रेघ खपते. पण तीन शब्दांनंतर परत ‘त्याची/तिची’ आलं की वाचणारी व्यक्ती पत्र वाचायचं सोडून पर्याय निवडत बसते. शिवाय रेघ असं भासवते की दोन्ही शक्यता सारख्याच आहेत. तसं आहे की नाही, हे मी अजून तपासलेलंच नव्हतं.

११ जानेवारी

आज डाव्या कडेवरच सगळा वेळ घातला, आणि या कामातला सगळ्यात उपयोगी भाग हाच ठरला.

आतापर्यंत ‘…स निते चायनि’मधला ‘स’ मी ‘से’चा धरत होते. बंगालीत एकाराची मात्रा डोक्यावर नसते, अक्षराच्या डावीकडे वेगळी काढलेली असते. डावी कड कापली तर ‘से’ची मात्रा जाते आणि उघडा ‘स’ उरतो. व्याकरणाने ते बसतं, अर्थानेही बसतं. म्हणून दुसरा विचार केला नव्हता.

पण कड सगळ्या ओळींची सारखीच कापलेली आहे. मग इतर ओळींचं किती गेलं हे मोजता येईल का? दोन ओळींत गेलेला भाग बऱ्यापैकी ओळखता येतो. ‘…काल सन्ध्याय’ म्हणजे बहुधा ‘गतकाल सन्ध्याय’. ‘गत’ गेलं, दोन अक्षरं. ‘…ज्ञेस’ म्हणजे ‘जिज्ञेस’. ‘जि’ गेलं, म्हणजे ‘ज’ आणि त्याच्या डावीकडची वेलांटी, साधारण दीड अक्षर. फोटो प्रिंट केला, त्याच हातातले ‘ग’, ‘त’ इतर ठिकाणी शोधून पट्टीने रुंदी घेतली, ‘ज’ची अंदाजाने धरली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीच्या डाव्या बाजूला तेवढी जागा पेन्सिलने आखली. दोन्ही ओळींचा समास जवळपास एकाच उभ्या रेषेवर येतो. कागद किंचित तिरका आहे, ती तिरकस रेषा खाली चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत वाढवली.

चौथ्या ओळीत ‘स’च्या आधी दीड ते दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. एकाराची मात्रा अर्धं अक्षरही घेत नाही. ‘से’ असता तर ती ओळ बाकीच्या ओळींपेक्षा आत ढकलून सुरू झाली असती, आणि वाक्याच्या मध्यात परिच्छेद पाडायला कारण नाही. म्हणजे ‘स’ बहुधा एखाद्या दोन-तीन अक्षरी शब्दाचा शेवट आहे. कर्त्याच्या जागी, मागून ‘निते चायनि’, तेव्हा सगळ्यात सरळ वाचन म्हणजे ‘स’ने संपणारं एखादं नाव.

हे कळताच चौथी ओळ मोकळी झाली. नावाला ‘ने’ लावला की मराठीत लिंग उरत नाही: ‘…सने ते घ्यायला नको म्हटलं.’ नाव मला माहीत नाही, ते तसंच तुटकं ठेवता येतं. इतके दिवस ज्या सर्वनामाशी झटत होते, ते त्या ओळीत बहुतेक नव्हतंच.

पाचव्या ओळीत ‘…र मा’. ‘र’ हा षष्ठीचा. समोर ‘तार’ (त्याची/तिची), ‘ओर’ (तेच), ‘तोमार’ (तुझी), ‘आमार’ (माझी), किंवा एखादं नाव. आता मोजमाप हाताशी आहे. ‘तोमार’ दुसऱ्या ओळीत पूर्ण दिसतं. त्यातला ‘तोमा’ एवढा भाग रिकाम्या जागेत बसत नाही, बाहेर जातो. ‘आमा’ही तसंच, ‘आ’ रुंद आहे. ‘ता’ पहिल्या ओळीतून मोजला, तो बसतो. ‘ओ’ बसतो, थोडी जागा उरते. चौथ्या ओळीतलंच नाव षष्ठीत असतं तर ‘र’च्या आधी ‘से’ दिसला असता, तो दिसत नाही. दुसरं एखादं छोटं नाव असण्याची शक्यता उरते, पण आधी उल्लेख नसलेल्या माणसाची आई अचानक रागावलेली का असेल, हे पटत नाही.

‘तार’ असो वा ‘ओर’, मराठीत एकच. आता ‘त्याची’ की ‘तिची’, ही एकच जागा उरली. आणि एक तिसरी शक्यता मी वहीत लिहून ठेवली आहे: ‘ताँर’ असेल तर चंद्रबिंदूही कडेबरोबर गेला असणार, मग ती भेटीला आलेल्या आदरार्थी व्यक्तीची आई, म्हणजे ‘त्यांची’.

१२ जानेवारी

मुलीला विचारलं: “आत्याआजीचं नाव ‘स’ने संपतं का? घरात हाक मारायचं नावही सांग.” उत्तर आलं: “नाही काकू, दोन्ही ‘आ’ने संपतात. बाबा म्हणतात, त्या भेटायला आल्या असतील.”

म्हणजे सांगितलेली माहिती पैसे नाकारणाऱ्या व्यक्तीला लागत नाही. आदरार्थी व्यक्तीला लागू शकते. तिथे मी ‘त्यांनी’, ‘त्यांची’ वापरलं आहे, त्यामुळे आत्याआजी असल्या तरी शब्द बदलायचा नाही, नसल्या तरी नाही. बाबांच्या आठवणीवर अनुवादाचं काहीच टांगलेलं नाही, हे बरं झालं.

पाचव्या ओळीसाठी ‘त्याची’ धरलं. आधार इतकाच: बंगालीत बायकांची नावं बहुतांशी ‘आ’ किंवा ‘ई’ने संपतात, व्यंजनाने संपणारी नावं पुरुषांची जास्त, जसं तापस, मानस. हा नियम नाही. आपल्याकडे ‘सुहास’ बाईचंही असतं आणि बुवाचंही. म्हणून हा आधार कमजोर आहे, आणि टिपेत ‘कमजोर’ हाच शब्द घातला आहे. पहिल्या मसुद्यातही ‘त्याची आई’च होतं, पण तिथे ते सवयीने आलं होतं, इथे ते कशावर उभं आहे आणि कशाने पडेल, हे सांगता येतं.

१३ जानेवारी

टीप कशी लिहायची यावर थोडा घोळ घातला. आधी मजकुराच्या मध्ये चौकटी कंसात ‘लिंग अनिश्चित’ असं टाकलं होतं. दोन ठिकाणी टाकल्यावर पत्र पत्र राहिलं नाही. सगळं खाली नेलं तर मुलगी फक्त अनुवाद पुढे पाठवील आणि टीप मागे राहील, हीही भीती. म्हणून मजकुरात फक्त एका जागी तारा ठेवला, आणि अनुवाद व टीप एकाच चित्रात घेतलं. वेगळी टीप पाठवली तर ती हरवते. या पत्राचंच बघा, कापलेला तुकडा फिरत राहिला आणि बाकी पान मागे राहिलं.

टिपेत ‘संदर्भ अपुरा असल्याने चुका संभवतात’ असं मोघम वाक्य होतं, ते काढलं. त्यातून वाचणाऱ्याला कुठला शब्द हलता आहे हे कळत नाही. टिपेत चार गोष्टी हव्यात: कुठला शब्द, काय धरलं, कशावरून, आणि काय दिसलं तर काय बदलायचं.

पाठवलेला मजकूर हा:

… त्यांची प्रकृती आता बरी आहे. काल संध्याकाळी त्यांनी येऊन तुझी चौकशी केली. मी पैसे देऊ केले, …सने ते घ्यायला नको म्हटलं. त्याची* आई अजून रागावून आहे.

*मूळ ओळीची डावी कड कापलेली आहे. दिसतं ते फक्त ‘…र मा’, म्हणजे ‘…ची आई’. गेलेल्या जागेच्या रुंदीवरून तिथे ‘तार’ किंवा ‘ओर’ असावं असं धरलं आहे. बंगालीत त्यातून स्त्री की पुरुष हे कळत नाही. आई पैसे नाकारणाऱ्या व्यक्तीची आहे आणि ती व्यक्ती पुरुष आहे, असं मी धरलं आहे. पुरुष धरण्याचा आधार कमजोर आहे: वरच्या ओळीतलं नाव ‘स’ने संपतं, एवढाच. ते नाव बाईचं निघालं तर ‘त्याची’ऐवजी ‘तिची’ करावं. दुसरं काही बदलत नाही. ‘र’च्या आधी चंद्रबिंदू निघाला तर ‘त्यांची’ करावं, आणि मग ती आई भेटीला आलेल्या व्यक्तीची. वरच्या ओळीतला ‘स’ नावाचा नसून ‘से’चा निघाला तर ‘…सने’च्या जागी ‘त्याने’ किंवा ‘तिने’ येईल. भेटीला आलेली व्यक्ती एकच आहे असं धरलं आहे, कारण ‘त्यांची प्रकृती’ मूळात एकवचनी आहे. ती स्त्री की पुरुष, हे अनुवादात कुठेही सांगितलेलं नाही. ‘चौकशी केली’ मूळात ‘विचारत होते/होत्या’ असं आहे.

१७ जानेवारी

मुलीचा निरोप: मूळ पत्र एका नातेवाइकांच्या अल्बममध्ये आहे, पण डावी कड अल्बमच्या शिवणीत चिकटलेली आहे. ओढायला त्यांनी नको म्हटलं, आणि ते बरोबर आहे. अल्बम जितका उघडेल तितका उघडून, बाजूने उजेड टाकून, शिवणीच्या दिशेने तिरका फोटो काढायला सांगितलं आहे. चौथ्या ओळीत ‘स’च्या आधीचं एक अक्षर जरी दिसलं तरी पुरे. ते अक्षर निघालं तर नाव कळेल. मात्रा निघाली तर ‘से’. पाचव्या ओळीत ‘र’च्या आधीच्या अक्षराच्या डोक्यावर चंद्रबिंदू आहे का ते बघायला सांगितलं आहे, पण तिथे काही दिसलं नाही तर त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हेही कळवलं.

पत्राच्या मागच्या बाजूचा फोटो तिने आधीच पाठवला आहे. वर मायन्याचा शेवट दिसतो: ‘…याशु’सारखं काहीतरी. नीट पाहिल्यावर ‘…यासु’, म्हणजे ‘कल्याणीयासु’. संस्कृतातली सप्तमी, पुरुषाला लिहिलं असतं तर ‘कल्याणीयेषु’ आलं असतं. पत्र वयाने लहान बाईला आहे, आणि ते आजीशी जुळतं. ‘तोमार’शीही जुळतं. चित्रातून पक्कं कळलेलं लिंग हे एकच, आणि ‘तुझी चौकशी’मध्ये ते सांगायची गरजच पडली नाही. वहीत पहिल्या रकान्यात लिहून ठेवलं. त्या बाजूच्या मजकुरात तिच्याबद्दल काही आलं तर लागेल. त्या बाजूलाही उजवी कड कापलेली आहे, म्हणजे तिथे ओळींचे शेवट गेले असतील, आणि या वेळी काही क्रियापदंच हाती लागणार नाहीत.